पाहुण्यांच्या वहीतली सही

बाईंच्या पर्समध्ये एक पत्र तीन महिने मुक्काम ठोकून होतं. पाहुणा म्हणून आलं आणि भाडेकरू होऊन बसलं. पत्र एका पानाचं, मजकूर जेमतेम पाच ओळींचा. पण तारीख दर महिन्याला बदलायची. बाई ते नव्याने छापायच्या, पाकिटात घालायच्या, कारखान्यात घेऊन जायच्या आणि संध्याकाळी जसंच्या तसं घरी आणायच्या.

नवरा भूगोलाचा निवृत्त मास्तर. नद्या कुठून निघतात आणि कुठे मिळतात हे शिकवण्यात त्याचा जन्म गेला, तेव्हा पत्राच्या प्रवासावर त्याचं बारीक लक्ष असणारच.

"आज कुठवर पोचलं?" तो कपात चहा ओतता ओतता विचारायचा.

"मालकांच्या टेबलापर्यंत."

"प्रगती आहे. गेल्या महिन्यात दारातूनच परत फिरलं होतं."

घरात बाईंना तो होयबाई म्हणायचा. लग्नाला तीस वर्षं झाली तरी बाईंनी कुणाला तोंडावर नाही म्हटल्याचं त्याच्या ऐकण्यात नव्हतं, अपवाद फक्त त्याचा. शेजारणीने कुंड्या सांभाळायला दिल्या, त्याला सहा वर्षं झाली. शेजारीण गाव सोडून गेली, कुंड्या आहेत. असा हा स्वभाव. पण कामात मात्र बाई एकदम कडक. बावीस वर्षं एका मोठ्या कंपनीत गुणवत्ता तपासायचं काम केलं, मग स्वतंत्र सल्लागार झाल्या. कारखान्यांची कागदपत्रं लावून द्यायची, कामाची पद्धत बसवून द्यायची, वर्षातून दोनदा सगळं तपासून चुका दाखवायच्या. बाईंनी ठीक म्हटलं की ते ठीक, असं त्या धंद्यात बोललं जायचं. बाईंची कमाई म्हणाल तर तेवढी एकच.

आणि हा कारखाना होता झाकणांचा. औषधाच्या बाटल्यांना लागतात ती प्लॅस्टिकची झाकणं. दिसायला क्षुल्लक वस्तू, पण झाकण गळलं की औषध वाया आणि झाकणवाल्याची अब्रूही. चार वर्षांपूर्वी मालकांनी बाईंना रिटेनरवर घेतलं. म्हणजे दरमहा ठरावीक मानधन आणि त्या बदल्यात ठरावीक काम. दोन पानांचा करार होता. महिन्यातून दोन दिवस भेट, कागदपत्रं पाहणं, लोकांना शिकवणं, वर्षातून दोनदा अंतर्गत तपासणी. याहून जास्त काम निघालं तर वेगळ्या पत्राने ठरवायचं. कुणालाही करार सोडायचा असेल तर तीस दिवसांची लेखी सूचना. बाईंनीच लिहिलेला करार, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.

पण मालक मोठे गोड. बोटभर जागा दिली की हातभर घ्यायचे, आणि घेताना समोरच्याला वाटायचं आपणच आग्रह केला. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "मॅडम, एवढं फक्त बघता का?"

पहिल्यांदा एवढं म्हणजे एका गिऱ्हाइकाला पाठवायचं पत्र होतं. बाईंनी बघितलं. मग कच्चा माल देणाऱ्याशी झालेलं भांडण बघितलं. नोकरीला आलेल्यांच्या मुलाखती बघितल्या. मालकांच्या मेहुण्याने सुचवलेलं मशीन बघायला दोन तासांवरच्या गावी जाऊन आल्या. त्यांच्या भाच्याचा कॉलेज प्रवेशाचा अर्ज बघितला, व्यापारी मंडळातलं मालकांचं भाषण बघितलं, आणि भाषणात टाळ्या कुठे येतील तेही मालकांनी त्यांनाच विचारलं. रविवारी सकाळी फोन वाजला की मास्तर न बघताच म्हणायचा, "घे, तुझं एवढं आलं."

बाईंना डायरी लिहायची खोड. गेल्या महिन्याचा हिशोब मांडला तर दोन दिवसांचे अकरा दिवस झाले होते. त्या नादात एक साबणवाला आणि एक बरणीवाला, दोन जुनी गिऱ्हाइकं, तारीख मिळत नाही म्हणून सोडून गेली. आता कामधंद्याच्या नावाने हाच एक कारखाना उरला होता. दोन महिन्यांपूर्वी बाईंनी हिय्या करून मालकांना मेल पाठवली: एक तर ठरलेल्या कामावर परत येऊ, नाही तर नवा करार करू. उत्तरात मालकांनी एक अंगठा पाठवला, आणि अंगठ्याच्या पाठोपाठ एक फाईल.

एवढ्यावर भागलं असतं तर ते पत्र पर्समध्येच म्हातारं झालं असतं. पण मंगळवारी एक कागद आला.

औषध बनवणारी एक मोठी कंपनी पाच आठवड्यांनी कारखाना तपासायला येणार होती. कारखाना पसंत पडला तर तीन वर्षांचं काम. कंपनीला आधी कारखान्याची माहिती कळवायची होती, कोण कुणाच्या हाताखाली वगैरे चौकटी काढून. मालकांनी तो तक्ता बाईंकडे पाठवला, अर्थातच एवढं फक्त बघायला. बाईंनी बघितला. 'गुणवत्ता प्रमुख' ही चौकट वर्षभर रिकामी होती. माणूस नेमा, असं त्या दर भेटीत लिहून देत होत्या. आता त्या चौकटीत नाव होतं. त्यांचं.

खालच्या कोपऱ्यात दुसरी चौकट होती, 'अंतर्गत तपासणी'. तिथेही त्यांचंच नाव. आपल्या कामाची तपासणी आपणच करायची नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. हजार वेळा इतरांना शिकवलेला. त्या कंपनीचा माणूस हे पहिल्याच दिवशी पकडणार, आणि मग बाईंनी आजवर कुठेही ठीक म्हटलेल्या गोष्टीला काडीची किंमत राहणार नव्हती.

वाईट म्हणजे मालकांनी सगळंच खोटं लिहिलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी माल मंजूर करणारा माणूस रजेवर गेला होता आणि ट्रक उभा होता. तेव्हा बाईंनी, एवढं फक्त म्हणून, मंजुरीच्या कागदावर एकदा सही केली. माणूस रजेवरून परतलाच नाही. एका सहीच्या सदतीस सह्या झाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मुठीत काय आहे ते तरी झाकणाऱ्याला ठाऊक असावं लागतं.

बुधवारी रात्रीच्या जेवणात मास्तरने एकही विनोद केला नाही. एवढंच विचारलं, "पत्र उद्या कुठवर जाणार?"

"त्यांच्या हातात."

"बरं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "कुंड्यांच्या जोरावर काढू दिवस."

गुरुवारी सकाळी बाई कारखान्याच्या फाटकावर पोचल्या. फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला सगळे मामा म्हणत. मामांकडे दोन वह्या होत्या, एक कामगारांची, एक पाहुण्यांची. पहिली तीन वर्षं बाई पाहुण्यांच्या वहीत सही करायच्या. मग एके दिवशी मामांनी त्यांचं नाव कामगारांच्या वहीत घातलं होतं, "मॅडम, तुम्ही काय परक्या का आता?" म्हणत. बाईंना तेव्हा फार बरं वाटलं होतं. आता खोटं कशाला बोला, डोळ्यांत पाणीच आलं होतं.

मामांनी सवयीने कामगारांची वही पुढे केली.

"ती दुसरी द्या, मामा."

"पाहुण्यांची? कोणी येणारंय का?"

"मीच आलेय."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं, आणि दुसरी वही काढली. बाईंनी नाव लिहिलं, वेळ लिहिली. 'भेटीचं काम' या रकान्याशी पेन थांबलं.

"ते राहू दे. जाताना लिहीन."

मालकांच्या खोलीत एसी जोरात आणि खुर्च्या गुबगुबीत. बाईंसाठी एक खास खुर्ची होती, मालकांच्या बाजूला, टेबलाच्या आतल्या अंगाला. बाई त्या खुर्चीवर न बसता समोर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या खुर्चीवर बसल्या आणि पाकीट टेबलावर ठेवलं. ठेवल्यावर लगेच हात मागे घेतला, पुन्हा उचलायचा मोह नको.

मालकांनी पत्र वाचलं. मग हसून घडी घातली.

"मॅडम, उन्हाचा त्रास झालाय तुम्हाला. पाणी मागवू?"

"नको. आजपासून तीस दिवस धरा. करारातलं सगळं काम तोवर करीन. त्याबाहेरचं नाही."

"तीस दिवस म्हणजे तपासणीच्या तीन दिवस आधी तुम्ही जाणार?"

"हो."

"ऐन मोक्याला?"

"दोन महिन्यांपूर्वी मेल केली होती. तुम्ही अंगठा पाठवलात."

"वाचली होती मी. म्हटलं होईल शांत." मालक पुढे वाकले. मॅडमची ताई झाली. "ताई, मी तुम्हाला बाहेरचं कधी मानलंच नाही. चौकटीत नाव घातलं ते कशासाठी? मान म्हणून."

"मान नाही तो. जबाबदारी आहे. मी इथली नोकर नाही. त्या चौकटीतलं काम मी करायचं आणि वर्षातून दोनदा मीच येऊन ते तपासायचं? त्यांचा माणूस हे बघून काय म्हणेल?"

"तो कशाला बघतोय?"

"बघायचाच पगार घेतो तो."

मालकांचं हसू गेलं. बोटांनी ते पाकिटावर ताल धरायला लागले. "एक सांगतो. हा धंदा लहान आहे. सगळे एकमेकांना ओळखतात. ऐन वेळी पाठ दाखवणाऱ्या माणसाला पुन्हा कोण बोलावतं?"

हीच भीती तीन महिने पत्राला घरी परत नेत होती.

"ओळखतात म्हणूनच आलेय," त्या म्हणाल्या. "आज मंजुरीच्या कागदावरही मी सही करणार नाही."

मालक खुर्चीतून उठलेच. खिडकीबाहेर बोट दाखवलं. मालधक्क्याला ट्रक लागला होता, अर्धा भरलेला. "तो बघा. दोन वाजता निघायचा आहे. सही कोण करणार?"

"प्रयोगशाळेतल्या बाई. तपासणी त्याच करतात. तुम्ही त्यांना लेखी अधिकार द्या, दोन ओळी पुरतात."

"ती चष्मेवाली?" मालकांना खरंच नवल वाटलं. "नऊ वर्षांत तिने तोंड उघडलेलं नाही."

"बोलवा तर."

चष्मेवाली आली. चाळिशीची, किरकोळ अंगाची, दाराजवळच उभी राहिली. मालकांनी दातओठ खात दोन ओळी खरडल्या, सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. पहिल्यांदा तिने तो वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला.

"म्हणजे आता माल मंजूर करायचा की नाही, ते मी ठरवायचं?"

"हो, हो. घे, कर सही. ट्रक उभा आहे."

तिने चष्मा वर सरकवला. "नाही करत."

मालकांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"गळतीची तपासणी चालू आहे," ती म्हणाली. "बाटल्या भरून, झाकणं लावून उलट्या ठेवल्यात. चार वाजता सरळ करायच्या. खाली ठेवलेला कागद कोरडा निघाला तर सही."

"अर्ध्या तासापूर्वी तर गप्प होतीस."

"अर्ध्या तासापूर्वी सही माझी नव्हती."

बाईंना आधी बरं वाटलं, आणि लगेच एक शंका आली. त्या हळूच वळल्या. "अगं, याआधीही उलट्या बाटल्यांना चारच वाजायचे?"

चष्मेवालीने मान खाली घातली. "दर वेळी चारच, मॅडम."

"आणि माझी सही?"

"दोनला व्हायची. वरून सांगायचे, मॅडमना कळवलंय, झालंय सगळं."

बाईंनी मालकांकडे पाहिलं. मालक खिडकीबाहेर बघत होते. सदतीस वेळा सही करण्याआधी त्यांना विचारलं होतं, "तपासणी झाली ना?" आणि सदतीस वेळा मालक म्हणाले होते, "झालीच आहे." बाईंनी वही मागवली नव्हती, बाटल्यांपर्यंत गेल्या नव्हत्या. इतर कुठल्या कारखान्यात असं सापडलं असतं तर लाल शाईने पानभर लिहिलं असतं त्यांनी.

"चारनंतर निकाल काय यायचे?"

"कोरडेच. एकदा सोडून." चष्मेवालीचा आवाज आणखी बारीक झाला. "त्या वेळी ट्रक निघून गेला होता. मीच गिऱ्हाइकाच्या गोदामात फोन करून माल थांबवला. बदलून दिला. वहीत लिहिलंय सगळं. नमुनेही राखून ठेवलेत."

बाईंनी पर्समधून कोरा कागद काढला आणि तिथेच, मालकांच्या टेबलावर लिहायला बसल्या. कामं सोपवून द्यायची यादी. पहिली ओळ त्यांनी स्वतःवरच लिहिली: माल मंजूर करणं कराराबाहेरचं असताना आपण सदतीस वेळा सही केली, तपासणीची नोंद स्वतः न पाहता; राखून ठेवलेले नमुने दुसऱ्या तपासनिसाकडून तपासून घ्यावेत, निकाल काहीही येवो, गिऱ्हाइकाला कळवावा.

मालक वाचत होते ते उलट्या बाजूने. "हे लिहू नका, बाई."

मॅडमची ताई झाली होती, आता ताईची बाई झाली.

"लिहून झालं."

"तुमचंच नाव खराब होईल."

"थोडं होईल. न लिहिता कळलं तर सगळं होईल." त्यांनी कागद फिरवून त्यांच्यापुढे केला. "आणि तुम्हीच त्यांना आधी सांगितलंत, दुरुस्त काय केलं तेही दाखवलंत, तर काम मिळायची आशा आहे. लपवलं आणि त्यांना सापडलं तर कारखाना त्यांच्या यादीतून जाईल. हा सल्ला करारातला आहे. फुकट नाही."

मालक धाडकन दार ओढून मालधक्क्यावर गेले. खिडकीतून दिसत होतं, ड्रायव्हरला ते हातवारे करून काही सांगत होते. ड्रायव्हरने खांदे उडवले आणि ट्रकचं इंजिन बंद केलं.

चार वाजेपर्यंत बाई प्रयोगशाळेत चष्मेवालीच्या नोंदी बघत बसल्या. अक्षर मोत्यासारखं. नऊ वर्षं कुणी वाचत नसताना लिहिलेलं. टेबलावर ऐंशी बाटल्या शीर्षासन करून उभ्या होत्या. मालक दोनदा दारात येऊन परत गेले. चार वाजता चष्मेवालीने एकेक बाटली सरळ केली. बाई बघत होत्या, पण हात पाठीमागे बांधून. कागद कोरडा होता. शेवटच्या बाटलीखालचा चष्मेवालीने उजेडात धरला, उलटसुलट पाहिला, मग सही केली. पेन इतकं दाबून, की खालच्या पानावरही उमटलं असेल.

सव्वाचारला बाई फाटकाशी आल्या. मामांनी पाहुण्यांची वही उघडूनच ठेवली होती. तेवढ्यात शिपाई धावत आला, हातात फाईल.

"मॅडम, मालक म्हणाले, जाता जाता एवढं फक्त बघता का?"

मामा खोकले. बाईंनी फाईलला हात न लावता पर्समधून कराराची दोन पानं काढली आणि बोट फिरवत ओळ न् ओळ वाचली. आज भेटीचा दिवस होता. कलम पहिलं, कागदपत्रं पाहणं.

"बसतंय," त्या म्हणाल्या. "आणा."

फाईलमध्ये तोच तक्ता होता. प्रमुखाच्या चौकटीत प्रयोगशाळेतल्या बाईंचं नाव, मालकांच्या स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात, पुढे 'प्रभारी'. अंतर्गत तपासणीची चौकट रिकामी. बाईंचं नाव एकाही चौकटीत नव्हतं. बाहेर, समासाजवळ लिहिलं होतं, 'सल्लागार', आणि कंसात तीस दिवसांनंतरची तारीख. तारीख बरोबर होती. मालकांनी मोजली होती.

बाईंनी रिकाम्या चौकटीवर पेन्सिलने लिहिलं, 'बाहेरचा माणूस नेमा', आणि फाईल परत दिली.

मग मामांच्या वहीवर वाकल्या. निघायची वेळ लिहिली. सकाळचा कोरा रकाना तसाच होता. 'भेटीचं काम' याखाली लिहिलं, 'ठरल्याप्रमाणे'.

मामांनी वही फिरवून वाचलं. "पुढच्या वेळी कुठली वही काढू, मॅडम?"

"हीच," बाई म्हणाल्या. "अजून एकदाच लागेल."